नस रोज किती वाढते?

खंडाळा तालुक्यातल्या खंबाटकी घाटात दुचाकी घसरून कुणाचं दंडाचं हाड मोडलं, असं समजा. हाडाला लगटून जाणारी रेडियल नस दुखावली, तर मनगट लुळं पडतं.

नसेतले तंतू तुटले की टोकाकडच्या भागाला पेशीकडून येणारी रसद थांबते. एरवी जलद माल दिवसाला सुमारे 400 मिलिमीटर जातो, तंतूच्या सांगाड्याची प्रथिनं मात्र जेमतेम काही मिलिमीटर. रसद तुटलेला भाग काही दिवसांत विरतो. मग श्वान पेशी भक्षक पेशींच्या मदतीनं मायलिनचा कचरा साफ करतात आणि ओळीनं उभ्या राहून नव्या कोंबाला वाट दाखवतात. मेंदू-मज्जारज्जूत मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी हे काम करत नाहीत. तिथली इजा सहसा भरून न येण्याचं हे एक मोठं कारण.

कोंब दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. पहिला स्नायू 12 सेंटिमीटरवर असेल, तर चार महिने धरायचे.

डॉक्टर नसेवर बोटानं टिचक्या मारत जातात. झिणझिण्यांची जागा दर भेटीत खाली सरकली, तर वाढ चालू आहे. ती अडली, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुढे फारशी साथ देत नाही.