दोन बिटांचा तुलनाकार: सारणीपासून गेटपर्यंत

दोन बिटांचा तुलनाकार, म्हणजे मॅग्निट्यूड कम्पॅरेटर, A आणि B या दोन संख्या घेतो आणि A मोठी, दोन्ही समान की A लहान, एवढेच सांगतो. प्रत्येक संख्या दोन बिटांची असल्याने तिची किंमत ० ते ३ यांपैकी एक असते. A1 आणि B1 हे वरचे बिट, त्यांचे वजन २. A0 आणि B0 हे खालचे, त्यांचे वजन १. बाहेर तीन तारा येतात: G म्हणजे A मोठी, E म्हणजे समान, L म्हणजे A लहान. कोणत्याही क्षणी यांपैकी नेमकी एकच तार १ असली पाहिजे.

चार इनपुट असल्याने सत्यता सारणीत १६ ओळी येतात. त्या भरायला गणित लागत नाही. A जर १ असेल तर ती फक्त ० पेक्षा मोठी. २ असेल तर ० आणि १ पेक्षा. ३ असेल तर ०, १ आणि २ पेक्षा. म्हणजे G च्या स्तंभात सहा वेळा १ येतो. L च्या स्तंभातही तसेच सहा, आणि उरलेल्या चार ओळी समानतेच्या.

G च्या सहा ओळी जशाच्या तशा गेटमध्ये उतरवल्या तर चार इनपुटांची सहा अँड गेटे लागतील. ती कमी करण्यासाठी के-मॅप वापरतात. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ मध्ये ही पद्धत मांडली. इथे आडव्या ओळींना A1A0 आणि उभ्या स्तंभांना B1B0 च्या किमती देतात, पण क्रम ००, ०१, ११, १० असा ठेवतात. शेजारच्या दोन चौकटींत एकच बिट बदलावा म्हणून हा क्रम. सवयीने ०१ नंतर १० लिहिले की दोन बिट एकदम बदलतात आणि गट चुकीचे पडतात.

नकाशात G चे चार १ एका चौकोनात बसतात आणि दोन जोड्या उरतात:

```
G = A1·B1' + A0·B1'·B0' + A1·A0·B0'
```

इथे ' हे चिन्ह उलट किमतीचे. पहिले पद म्हणते, वरच्या बिटात A कडे १ आणि B कडे ० असेल तर निकाल तिथेच लागला. दुसऱ्या पदात B शून्य आहे आणि A0 हा १ आहे. मग A1 काहीही असो, A मोठीच. तिसऱ्यात A ही ३ आहे आणि B0 शून्य, म्हणून B फार तर २. A = ३, B = ० ही चौकट तिन्ही गटांत येते. एकच १ हवा तितक्या गटांत घेता येतो, म्हणूनच पदे इतकी आखूड होतात. A आणि B ची अदलाबदल केली की L मिळतो:

```
L = A1'·B1 + A1'·A0'·B0 + A0'·B1·B0
```

E चे चार १ मात्र नकाशात कर्णावर एकेकटे पडतात आणि एकाचाही गट होत नाही. पण त्यामागची रचना सरळ आहे: दोन्ही जागी बिट जुळले पाहिजेत. बिट जुळले की १ देणारे गेट म्हणजे एक्स-नॉर. अशी दोन गेटे आणि त्यांच्यापुढे एक अँड, एवढ्यात E तयार होतो.

नेहमीची चूक G लिहितानाच होते. वरचा किंवा खालचा बिट जिंकला की A मोठी, असे समजून `A1·B1' + A0·B0'` असे लिहिले जाते. A = ०१ आणि B = १० देऊन पाहावे. A लहान आहे, तरी दुसऱ्या पदामुळे G हा १ होतो. वर दिलेल्या सूत्रातला L ही १ असतो, म्हणजे दोन तारा एकाच वेळी १, आणि चूक लगेच उघडी पडते. पण गेट वाचवण्यासाठी L हा G आणि E च्या नॉरने काढला असेल, तर L शून्य होतो, एकच तार १ दिसते आणि निकाल खोटा असूनही चाचणी पार पडते. म्हणून तारा मोजून थांबू नये. सोळाही ओळी सारणीशी ताडून पाहाव्यात. खालच्या बिटाला बोलू द्यायचे ते वरचे बिट बरोबरीत सुटल्यावरच:

```
G = A1·B1' + (A1 XNOR B1)·A0·B0'
```

के-मॅपच्या सूत्राचे आणि याचे सोळाही निकाल एकच येतात. शिवाय E साठी लागलेले वरचे एक्स-नॉर इथे पुन्हा वापरता येते.

चार बिटांच्या संख्यांसाठी सारणीत २५६ ओळी होतील आणि नकाशा हाताबाहेर जाईल. हे दुसरे रूप मात्र तसेच वाढत जाते: प्रत्येक खालच्या बिटाच्या पदात त्याच्या वरच्या सगळ्या जोड्यांचे एक्स-नॉर येतात. 7485 या चार बिटांच्या चिपला तुलनेच्या बिटांशिवाय आणखी तीन इनपुट असतात आणि त्यांत खालच्या चार बिटांच्या चिपचा निकाल जोडतात. सर्वांत खालच्या चिपला असा निकाल मिळत नाही, म्हणून तिचे समानतेचे इनपुट १ ला आणि बाकीची दोन ० ला बांधतात.