किट मिळाले, बूट बाकी

नव्या माणसाच्या स्वागत किटची यादी अनेक कारखान्यांत तळाच्या एकाच सहीवर उरकतात. घोळ तिथेच होतो. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळ हवी आणि तिच्यापुढे तीन रकाने: दिले, बाकी, पोच. ‘दिले’ स्टोअरवाल्याने भरायचे, ‘पोच’ वस्तू घेणाऱ्याने.

समजा, सोमवारी एक फिटर रुजू झाला. ओळखपत्र, हेल्मेट आणि गणवेशाचे दोन जोड हातात पडले, पण ९ नंबरचे सेफ्टी बूट संपलेले. मग बुटांच्या ओळीत नुसते ‘बाकी’ लिहून भागत नाही. कोण आणणार आणि कोणत्या तारखेला, हेही तिथेच यायला हवे. तोवर त्याला यंत्रांजवळ पाठवायचे नाही. ‘सध्या ८ नंबर चालवून घे’ हा तोडगा तर नकोच, कारण घट्ट बूट माणूस दुपारपर्यंत काढून ठेवतो. गुरुवारी बूट आले की घालून, चार पावले चालून मगच त्या ओळीपुढे सही आणि गुरुवारचीच तारीख.

लॅपटॉप असेल तर अनुक्रमांक खोक्यावरून उतरवू नका, यंत्राच्या तळाशी पाहा. खोक्यांची सर्रास अदलाबदल होते आणि ते कळते राजीनाम्यानंतर, परतीच्या वेळी.

नव्याने रुजू होणाऱ्यांनो, एवढे करा: न मिळालेल्या वस्तूपुढे सही करू नका आणि यादीची एक प्रत मागून घ्या.