रिपोर्ट चांगला आला, मग दर वर्षी का यायचं?

ह्या वेळी नेहमीच्या लेखाऐवजी एक पत्र छापायला देत आहे. माझ्याकडे येणाऱ्या आपल्याच समाजातल्या एका मावशींना ते मी लिहिलं होतं. दवाखान्यात पंधरा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, आणि घरी गेल्यावर अर्धं विसरायला होतं, म्हणून त्यांनी मराठीत लिहून मागितलं. "इतरांनाही वाचू दे, फक्त माझं नाव घालू नकोस," ह्या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे.

प्रिय मावशी,

शालोम. सगळ्यात आधी मुख्य गोष्ट: तुमच्या डाव्या तळपायावरून काढलेला डाग कॅन्सर नाही. तो साधा तीळ आहे. रिपोर्टमध्ये हिब्रूत "शपीर" असा शब्द आहे. तपासणीच्या कागदावर त्याचा अर्थ निरुपद्रवी. त्याच्या उलट शब्द "ममईर", तो तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेही नाही.

गुरुवारी रात्री तुमच्या नातवाने कुपत खोलीमच्या ॲपवर रिपोर्ट उघडला, त्यातला "अटिपिया" हा शब्द इंटरनेटवर शोधला आणि तुमचा सगळा शब्बाथ काळजीत गेला, हे सूनबाईंनी मला रविवारी सांगितलं. हल्ली रिपोर्ट डॉक्टरच्या आधी घरी पोहोचतो. त्यात मुलाची काही चूक नाही, पण त्या एका शब्दाचा खुलासा करायला हवा.

आधी हा तीळ काढला का, ते सांगते. मधुमेहामुळे तुमच्या पायांची देखभाल करणाऱ्या नर्सला टाचेजवळ तो दिसला. तुमचं म्हणणं होतं की लहानपणी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर शिंपला लागला होता, त्याचाच तो व्रण. असेलही, पण व्रण नऊ मिलिमीटर रुंद आणि काळा-तपकिरी सहसा नसतो. शिवाय तुम्ही शेवटचा स्वतःचा तळवा कधी पाहिलात, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. वाकणं बंद झाल्याला दहा वर्षं झाली म्हणालात. म्हणजे डाग जुना की नवा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता तळव्याची कातडी कशी असते ते पाहा. तुम्ही कोकणातल्या, सरी आणि वरंबे तुम्हाला समजावून सांगायला नकोत. तळव्यावर आणि तळहातावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. उंच भाग म्हणजे वरंबा, खोल भाग म्हणजे सरी. घामाची छिद्रं वरंब्यावर असतात. मी जे दिवा लावलेलं भिंग पायाला टेकवलं, त्याला डर्मॅटोस्कोप म्हणतात. त्यातून डाग सुमारे दहापट मोठा दिसतो आणि रंग सरीत आहे की वरंब्यावर, हे कळतं. साध्या तिळाच्या रंगपेशी बहुधा सरीखाली झुबक्यांनी बसलेल्या असतात, म्हणून रंग सरीतून बारीक रेषांनी उतरतो. मेलानोमा नावाचा जो वाईट कॅन्सर आहे, त्याचा रंग तळव्यावर बहुतेक वेळा वरंब्यावर पट्ट्यांनी पसरतो. सरीत रंग दिसला तर मी निश्चिंत होते, वरंब्यावर दिसला तर नाही.

तुमच्या पहिल्या भेटीत मात्र मला काहीच वाचता आलं नाही, आणि त्याला कारण होती नातीची मेंदी! समारंभाला दोन आठवडे झाले होते, हातांचा रंग फिका पडला होता, पण हौसेने पायांना लावलेली मेंदी तळव्याच्या जाड कातडीत मुरून बसली होती. मेंदीचा रंगही नेमका वरंब्यावर चढतो. भिंगातून सगळा तळवा संशयास्पद दिसत होता. म्हणून मी तुम्हाला पाच आठवड्यांनी बोलावलं. तुम्हाला वाटलं असेल की डॉक्टर टाळते आहे. पण मेंदी कातडीबरोबर निघून जाते, तीळ राहतो. तेवढे दिवस थांबणं परवडणारं होतं. तीन-चार महिने मी थांबले नसते.

दुसऱ्या वेळी चित्र स्वच्छ दिसलं. डागाचा बराचसा भाग सरीत होता, पण टाचेकडच्या एका कडेला रंग सरी-वरंबे न पाहता पसरला होता. आकार सात मिलिमीटरच्या वर, वय शहात्तर, आणि डागाचा इतिहास माहीत नाही. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा काढून पाहणं बरं. छोटा तुकडा न घेता अख्खा डाग काढला, कारण तुकडा चांगल्या बाजूचा आला आणि वाईट बाजू पायातच राहिली, असं होऊ शकतं. म्हणूनच पाच टाके पडले आणि तुम्हाला अडीच आठवडे टाच टेकता आली नाही. त्याबद्दल तुम्ही मला जे ऐकवलंत ते मी मनावर घेतलेलं नाही.

तो डाग औषधात ठेवून, मेणात बसवून, केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून, रंगवून पॅथॉलॉजिस्टने पाहिला. पेशी झुबक्यांनी, बहुतेक सरीखाली, दोन्ही बाजूंनी सारख्या मांडलेल्या आहेत. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे तीळ पुरता निघाला आहे. "सौम्य अटिपिया" याचा अर्थ इतकाच, की काही पेशी पुस्तकातल्या चित्रापेक्षा थोड्या मोठ्या आणि अस्ताव्यस्त दिसल्या. तळव्यावर हे पुष्कळदा असंच दिसतं, कारण तिथली कातडी आयुष्यभर आपला भार वाहते. तळव्याच्या साध्या तिळातही काही पेशी वर चढलेल्या दिसतात. दुसऱ्या जागी तसं दिसलं असतं तर पॅथॉलॉजिस्ट दचकला असता. म्हणून पाठवतानाच मी कागदावर "तळपाय" असं ठळक लिहिलं होतं. कडा स्वच्छ असल्यामुळे आता पुन्हा कापायचं नाही, औषध घ्यायचं नाही.

मग तुम्ही फोनवर विचारलंत, "चांगलं आहे तर दर वर्षी कशाला यायचं? पाय दाखवायला दोन बसेस बदलाव्या लागतात." प्रश्न रास्त आहे. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने दर वर्षी अंगभर तपासून घ्यावं, असं मी म्हणत नाही. तुम्हाला बोलावते त्याला कारण आहे.

रिपोर्ट फक्त त्या काढलेल्या तुकड्याबद्दल बोलतो. उरलेल्या कातडीबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि मेलानोमा बहुतेक वेळा जुन्या तिळातून न येता कोऱ्या कातडीवर नव्याने उगवतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना तो गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होतो, हे खरं. पण होतो तेव्हा अनेकदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन लागत नाही आणि कोणी पाहतही नाही, म्हणून तो उशिरा सापडतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली ह्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलानोमा होता. 1981 साली छत्तिसाव्या वर्षी ते त्यानेच गेले. तुमच्या नातवाला नाव माहीत असेल.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लग्नानंतर इथे आल्यावर तुम्ही वीसेक वर्षं संत्र्यांच्या बागेत काम केलंत, डोक्याला फक्त एक रुमाल. उजव्या कानशिलावरचे जे दोन खरखरीत ठिपके मी गार फवारा मारून जाळले, ती त्या उन्हाची उधारी आहे. असे ठिपके स्वतः कॅन्सर नसतात. त्यातला एखादाच पुढे बिघडतो, पण कोणता ते आधी सांगता येत नाही, आणि जिथे दोन आले तिथे आणखी येतात. तळवा तुम्हाला दिसत नाही, पाठ दिसत नाही, मधुमेहामुळे पायाची जाणीवही कमी. हे सगळं एकत्र धरून मी वर्षातून एकदा म्हणते.

तपासणी फार मोठी नसते. आतले कपडे ठेवून बाकी काढायचे, नर्स जवळ असेल. डोक्यापासून पायाच्या बोटांच्या मधल्या जागेपर्यंत सगळं पाहते. येताना नखांना रंग नको, आणि आधीचे पाच-सहा आठवडे पायांना मेंदी नको. घरात दुसरं लग्न ठरलं तर फोन करून तारीख बदला. शक्यतो हनुकाच्या सुमारास या, कारण उन्हाळ्यात उन्हाने अंगावरचे तीळ तात्पुरते गडद होतात आणि उगाच शंका येते. हा रिपोर्ट जपून ठेवा. पुढे त्या व्रणात पुन्हा काळसर रंग उमटला तर मला दाखवा आणि दुसरा कोणी डॉक्टर असेल तर आधी हा कागद त्याच्यापुढे ठेवा. काढलेल्या तिळाच्या उरल्यासुरल्या पेशी व्रणात वेड्यावाकड्या वाढल्या की मेलानोमासारख्या दिसतात. जुना रिपोर्ट नसला तर चांगले पॅथॉलॉजिस्टही फसतात.

काही गोष्टींसाठी मात्र वर्षभर थांबू नका. एखादा तीळ वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आलं. पायावरची जखम किंवा "कुरूप" महिनाभराच्या इलाजानेही बरं झालं नाही. नखात काळी रेघ आली आणि ती रुंद होत गेली किंवा नखाशेजारच्या कातडीवर काळेपणा उतरला, तर लगेच फोन करा.

नखावरून आठवलं. जाता जाता तुम्ही उजव्या पायाचा काळा अंगठा दाखवलात, पातेलं पडलं होतं म्हणालात. भिंगाखाली ते साकळलेलं रक्तच वाटलं. तरी घरीच खात्री करून घेऊ. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. रक्त असेल तर नखाबरोबर पुढे सरकेल आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागेल. सूनबाईंना सांगा, आज शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, मग दोन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा. काळेपणा तीनेक मिलिमीटर पुढे गेलेला दिसला तर विसरून जा. जागचा हलला नसेल, किंवा मुळाकडून नवा काळेपणा येत असेल, तर दोन्ही फोटो घेऊन या. पातेलं पडल्याचं आठवत असलं तरी या. माझ्याकडे पूर्वी एक गृहस्थ आले होते, त्यांनाही दगड लागल्याचं पक्कं आठवत होतं आणि त्या आठवणीवर विसंबून त्यांचं एक वर्ष गेलं.

एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला आहात असं कळलं. रिपोर्ट चांगला आला आहे, तेव्हा मलिदा जरूर करा. फक्त गूळ आणि केळी तुमच्या ताटात बेताने, आणि पूजेला उभं राहताना टाचेखाली मऊ काहीतरी घ्या. टाके काढलेल्या जागेला अजून महिनाभर तरी जपायला हवं.

पुढची तारीख सूनबाईंच्या फोनवर पाठवली आहे. दोन बसेस नकोत, नातवाला गाडी घेऊन यायला सांगा. त्यालाही तो शब्द नीट समजावून सांगेन.

तुमची,
डॉक्टर