गोळी घेतली, पण रक्त वाढलं का?

नागपूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये दर महिन्याला अंगणवाडीत ‘ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन’ भरतो. तिथं जमलेल्या गरोदर बायांना आशाताईनं पाच मिनिटांत सांगायचं ते साधारण असं असतं :

“बायांनो, चौथा महिना लागला की ही लाल गोळी रोज एक घ्यायची. सहा महिने घ्यायची आणि बाळंतपण झाल्यावर आणखी सहा महिने. मळमळते म्हणून कोणी कोणी गोळ्या डब्यात टाकून ठेवून राहिल्या. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. शौचाला काळं झालं तर भिऊ नका, ते लोहामुळं होते. गोळीसोबत चहा नको अन् कॅल्शियमची गोळीही नको, मधात दोन तास जाऊ द्या. लिंबूपाणी घ्या, नाहीतर संत्रं खा, त्यानं लोह अंगी लागते. बाळंतपणात रक्त जातेच. जिच्या अंगात आधीच कमी, तिला थोडंही गेलेलं सोसत नाही. म्हणून दर महिन्याला बोटातलं रक्त तपासून घ्या.”

गोळीइतकीच ही महिन्याची तपासणी का महत्त्वाची, हे एका उदाहरणातून पाहू. चौथ्या महिन्यात एकीचं हिमोग्लोबिन ९.२ ग्रॅम भरलं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, म्हणून तिला रोज दोन गोळ्या सुरू झाल्या. महिन्यानं ते किमान एका ग्रॅमनं वाढायला हवं होतं, भरलं ९.५. आता पहिला प्रश्न, गोळ्या खरंच पोटात गेल्या का? पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या की उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न, त्या चहासोबत तर घेतल्या नाहीत? दोन्ही ठीक असेल, तर गोळ्या वाढवून उपयोग नाही. तिला डॉक्टरांकडे पाठवायला हवं. तिथं शिरेतून लोह देण्याचा विचार होतो. ७ च्या खाली असेल, तर महिनाभर वाट न पाहता थेट रुग्णालयच गाठायचं.

विदर्भात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो सिकलसेलचा. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन कमी राहतं. पण फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच उरतं. अशा रुग्णाला लोह द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. सोल्युबिलिटी चाचणीत शंका आली, तर इलेक्ट्रोफोरेसिसनं निदान पक्कं होतं. नवऱ्याचीही तपासणी करावी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल, तर तिचं माता व बालसंरक्षण कार्ड आजच उघडा. हिमोग्लोबिनचे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा नसेल, किंवा तो वाढलेला नसेल, तर याच आठवड्यात तिला तपासणीला घेऊन जा.