दहावी पास, वय तीस, लगेच रुजू

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाडोंगरी आहे. पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द, शेजारी डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी, आणि उरलेल्या सगळ्या जागेत धानाच्या बांध्या. इथल्या तरुणाला आजवर तीन प्रकारचे काम माहीत होते : घरची शेती, खाण किंवा खाणीतल्या ठेकेदाराकडची मजुरी, आणि नशीब असेल तर सरकारी नोकरी. गेल्या काही वर्षांत त्यात चौथा प्रकार आला. नागपूरच्या भोवती, पुण्याजवळ किंवा भिवंडीला मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. तिथे माल उचलणारे, बांधणारे, घरोघर पोहोचवणारे शेकड्यांनी लागतात आणि तेही एकदम लागतात. ही भरती कशी होते, अर्ज कोणत्या चाळणीतून जातो आणि त्या चाळणीतून नेमके कोण गळते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशा भरतीत ‘बायोडाटा’ जवळजवळ कोणी वाचत नाही. वाचण्यासारखे त्यात काही नसतेही. झेरॉक्सच्या दुकानात एकाच नमुन्यावर नावे बदलून छापलेले ते कागद असतात. सगळ्यांचे ध्येय एकच, सगळ्यांचे छंद क्रिकेट आणि वाचन. म्हणून भरती करणारी एजन्सी एक फॉर्म भरून घेते, तो एका तक्त्यात उतरतो, आणि तक्त्याला चार-पाच गाळण्या लावल्या जातात. शिक्षण दहावी किंवा बारावी पास, वय अठरा ते तीस, राहण्याचे ठिकाण, रात्रपाळी चालेल का, कधी रुजू होणार, आधार-पॅन-बँक खाते आहे का. माल पोहोचवण्याच्या कामाला त्यात स्वतःची दुचाकी, वाहन परवाना आणि स्मार्टफोन यांची भर पडते. यात कौशल्याचा प्रश्न एकही नाही, कारण काम दोन-तीन दिवसांत शिकता येते. कंपनीला दुसरेच भय असते : माणूस येईल का आणि आला तर टिकेल का. एजन्सीला साधारणपणे दर माणसामागे पैसे मिळतात, आणि तो ठरलेल्या मुदतीच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. सगळ्या गाळण्या त्या मुदतीकडे डोळा ठेवून लावलेल्या असतात.

हे भय नवीन नाही. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हाही व्यवस्थापनाची पहिली डोकेदुखी कामगारांची गैरहजेरी हीच होती आणि नियमित येणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत तिथे पाडावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती. सकाळी फाटकापाशी जमलेल्या बदल्यांतून तो ओळखीचे, गावचे, देणारे-घेणारे लोक निवडी. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली. निवडक बदल्यांना कार्डे दिली आणि रोजची भरती त्यांच्यातूनच करायचे ठरवले, ते जॉबरचा हात आवळण्यासाठी. दहावी पास आणि वय तीस हा नियम कितीही रुक्ष वाटला, तरी तो कोणाचा भाचा आहे हे विचारत नाही. साध्या निकषांचे हे मोल मला मोठे वाटते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आकड्यांतूनच कळते.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, पण गळतीची चाल अशीच असते. समजा नागपूरजवळच्या एका गोदामाला ऐंशी माणसे हवीत आणि तुमसरच्या मेळाव्यात सहाशे फॉर्म भरले गेले. दहावी पास ही अट लावली की पाचशे चाळीस उरतात. वयाची अट लावली की चारशे ऐंशी. इथपर्यंतचे काम तक्त्यावर पाच मिनिटांचे. मग फोन सुरू होतात आणि चारशे ऐंशीपैकी तीनशेच बोलायला सापडतात. ‘या सोमवारी येता का?’ याला दोनशे दहा जण हो म्हणतात. कागदपत्रे पूर्ण असलेले दीडशे. सोमवारी प्रत्यक्ष गोदामाच्या फाटकावर शंभर. तीस दिवसांनी सत्तर.

आता गळती कुठे मोठी झाली ते पाहा. शिक्षण आणि वय या दोन मानाच्या अटींनी मिळून एकशे वीस लोक काढले. एकट्या फोनने एकशे ऐंशी काढले. आणि शेवटी दहा माणसे कमी पडली, तेव्हा साहेबांचा पहिला विचार असा की पुढच्या वेळी अट बारावीची करू, म्हणजे ‘चांगली’ मुले येतील. त्याने होते काय? सहाशेतले आणखी शे-दीडशे लोक पहिल्याच मिनिटाला जातात आणि फोन, कागद, फाटक इथली गळती आहे तशीच राहते. खोके उचलून त्यावरचा बारकोड वाचणाऱ्या यंत्रासमोर धरायला अक्षरे आणि आकडे ओळखता आले पाहिजेत हे खरे. त्यासाठी दहावीची अटसुद्धा सढळ आहे. तिशीच्या वरचा शेतकरी, जो धानाचे पोते पाठीवर घेऊन बांधीवरून चालतो, तो खोके उचलायला म्हातारा कसा ठरतो, हेही मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

‘फोन उचलत नाही’ या शेऱ्यामागे काय असते ते जवळून पाहिले पाहिजे. फोन सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात येतो. त्या वेळी मुलगा बांधीत असतो, नाहीतर खाणीच्या बाजूला, जिथे एका झाडाखाली रेंज मिळते आणि दुसऱ्या झाडाखाली नाही. रिचार्ज संपून काही दिवस झाले असतील तर येणारे फोनही बंद. कधी फॉर्मवरचा नंबर भावाचा असतो आणि भाऊ पुण्याला. दोनदा वाजून उचलला नाही की तक्त्यात शेरा पडतो : ‘इच्छुक नाही’. ही चूक पकडणे अवघड नाही. शेऱ्यातल्या वीस नावांना संध्याकाळी सातनंतर पुन्हा फोन लावायचा आणि किती जण ‘मला तर कोणाचा फोनच नाही आला’ म्हणतात ते मोजायचे. निम्मे तसे म्हणाले, तर चाळणी इच्छा मोजत नव्हती, रेंज मोजत होती.

कागदांची गळती आणखी चिवट. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर आडनाव शेवटी. पॅनवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. आईबाप एकच, गाव एकच, पण संगणकाच्या लेखी तीन माणसे. भविष्य निर्वाह निधीचे खाते काढताना हे जुळत नाही आणि रुजू होणे अडते. ज्याने आधी कुठे काम केले आहे त्याची अडचण उलटी असते. त्याचा निधीचा क्रमांक आहे, पण जुन्या ठेकेदाराने काम सोडल्याची तारीख भरलेलीच नाही. २०२० पासून ती तारीख कामगार स्वतःही भरू शकतो, शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. ही गोष्ट मेळाव्यात मंडपात सांगितली जात नाही. दुचाकीच्या कामात परवाना आडवा येतो. शिकाऊ परवाना हातात आल्यावर निदान तीस दिवस थांबावे लागते, मग पक्का. म्हणजे जो मेळाव्याची जाहिरात वाचून परवान्याच्या मागे लागला, तो ‘लगेच रुजू’ होऊच शकत नाही.

आता फाटकावर आलेल्या आणि महिन्याच्या आत परतलेल्या तीस जणांकडे वळू. त्यांना आळशी म्हणण्याची चाल आहे. नाकाडोंगरीहून नागपूर शंभरेक किलोमीटर, म्हणजे रोज ये-जा नाही, खोली आली. पगार तेरा हजार धरू आणि साऱ्या पगारावर कपात होते असे समजू. निधीचे बारा टक्के म्हणजे १,५६० रुपये, राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का म्हणजे ९८, पुरुषांना व्यवसाय कर २००. हातात ११,१४२. भागीत खोली दोन हजार, मेस तीन हजार, जाणे-येणे आणि फोन एक हजार. शिल्लक पाच हजारांच्या थोडी वर. वाईट नाही, कारण गावात रोजची मजुरी बाराही महिने मिळत नाही. पण पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. तोवर जवळजवळ चाळीस दिवस खोली, अनामत आणि मेस खिशातून भरायची, म्हणजे आठ-दहा हजार रुपये आधीच जवळ हवेत. हे ज्याच्याकडे नाहीत तो विसाव्या दिवशी घरी येतो. कोणत्याही फॉर्मवर हा प्रश्न नसतो. खोलीचा पत्ता आणि पाच हजारांची उचल, एवढ्याने जी गळती थांबली असती ती थांबवायला बारावीची अट लावणे म्हणजे छत गळते म्हणून दरवाजा बदलणे होय.

आणि मग धान. ऑनलाइन खरेदीचा हंगाम दसरा-दिवाळीचा, त्याची भरती ऑगस्ट-सप्टेंबरात. रोवणी तोवर उरकलेली असते, हात मोकळे असतात, म्हणून मेळाव्याला गर्दी होते आणि एजन्सीला वाटते, काम सोपे आहे. गोदामाचा सर्वांत घाईचा पंधरवडा येतो तेव्हा हलक्या धानाची कापणी सुरू होते. भारी धान त्याच्या मागोमाग. घरी म्हातारा बाप आणि मजूर मिळत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, दंडार, नाटके, बहिणी-जावई येतात. झाडीपट्टीतला माणूस या दिवसांत बाहेर राहत नाही, राहिला तर लोक कारण विचारतात. म्हणून पोरगा ऑक्टोबरच्या शेवटी न सांगता निघून येतो. न सांगता, कारण सांगितले तर पगार अडकेल अशी भीती. एजन्सीच्या तक्त्यात तो ‘पळाला’ म्हणून नोंदला जातो. असे पाच-सात झाले की पुढच्या वर्षी त्या गावच्या फॉर्मांकडे कोणी पाहत नाही. ही अट कुठे लिहिलेली नसते. पत्त्याच्या रकान्यात ती गुपचूप लागते, आणि जॉबरच्या काळात होते तेच, म्हणजे माणसाऐवजी गाव पाहणे, मागच्या दाराने परत येते.

याची तपासणीही तक्त्यातच करता येते. सोडून गेलेल्यांच्या तारखा ओळीने मांडाव्यात. पहिल्या दहा दिवसांत गेलेले कामाला कंटाळलेले किंवा फसवणूक वाटलेले असतात. विसाव्या ते पस्तिसाव्या दिवसाचे पैशांअभावी. आणि सगळे एकाच आठवड्यात, रुजू होण्याची तारीख कोणतीही असो, निघाले असतील तर ते कापणीला गेले आहेत. त्यांना डिसेंबरात फोन केला तर बरेचसे परत येतील, कारण भारी धान निघून पैसा हातात आल्यावर पुढची रोवणी जूनच्या पावसापर्यंत नाही. ज्या गावात खाणीखेरीज कारखाना नाही तिथे हे सहा महिने रिकामेच असतात. फॉर्मवर ‘लगेच रुजू होणार का?’ या जागी ‘घरी किती एकर धान आहे आणि कापणी कोणत्या आठवड्यात?’ असा प्रश्न छापायला शाई तेवढीच लागते. उत्तर मात्र तिथला प्रत्येक मुलगा फॉर्म हातात घेताच देईल, खोटे न बोलता.