‘दरम्यान’ या एका शब्दाची किंमत

अमेरिकेत बांधकामाची खडी विकणाऱ्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्या म्हणजे व्हल्कन मटेरियल्स आणि मार्टिन मॅरिएटा. २०१०च्या उन्हाळ्याच्या तोंडावर दोघींच्या मनात विलीनीकरणाचा विचार आला. पण एकत्र येण्यात खरंच फायदा आहे का, हे ठरवायचं तर एकमेकींच्या वह्या उघडाव्या लागणार होत्या. कोणत्या खाणीतून किती माल निघतो, तो कुणाला कोणत्या भावाने जातो, दोन्हीकडचा कारभार एक केला तर किती खर्च वाचेल, हे सगळं समोरच्याला दाखवावं लागणार होतं. म्हणून ३ मे २०१० रोजी त्यांनी दोन वर्षांच्या मुदतीचा गोपनीयता करार केला. आपल्याकडच्या ऑफिसांत ज्याला सरसकट ‘एनडीए’ म्हणतात, तोच हा करार.

बोलणी वर्षभर रेंगाळली आणि फिसकटली. मग डिसेंबर २०११ मध्ये मार्टिन मॅरिएटाने व्हल्कनच्या संचालकांना बाजूला ठेवलं आणि थेट भागधारकांपुढे कंपनी ताब्यात घेण्याचा प्रस्ताव मांडला. प्रकरण न्यायालयात गेलं. व्हल्कनचं म्हणणं साधं होतं: आम्ही विश्वासाने दाखवलेल्या आकड्यांवरच तुम्ही हा डाव बेतला आहे.

यापुढचं प्रकरण मला फार शिकवणारं वाटतं. ‘तुमच्या मर्जीविरुद्ध तुमची कंपनी घेणार नाही’ असं करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते एवढंच, की ही माहिती दोन कंपन्यांच्या ‘दरम्यान’ होणाऱ्या व्यवहाराच्या विचारासाठीच वापरायची. पहिल्या मसुद्यात त्या जागी दोघींचा ‘समावेश असलेला’ व्यवहार अशा अर्थाचा सैल शब्द होता. तो काढून ‘दरम्यान’ घातला मार्टिन मॅरिएटाच्याच वकिलांनी. कारण तेव्हा आपलीच कंपनी कुणीतरी गिळेल, ही भीती त्यांना होती. डेलावेअरच्या न्यायालयाने मसुद्यांचा हा सगळा इतिहास तपासला आणि ‘दरम्यान’ म्हणजे दोघांच्या संमतीने, असा अर्थ लावला.

गोपनीयता करार हातात आला की बहुतेक जण आधी ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या वाचतात. ती वाचावीच. पण माहिती कशासाठी वापरायची हे सांगणारं वाक्य त्याहून सावकाश वाचावं. माहिती बाहेर फोडणं ही एक गोष्ट आणि स्वतःच्याच कामाला लावणं ही दुसरी. भागीदारीची बोलणी मोडल्यावर नुकसान होतं ते बहुधा दुसऱ्या प्रकाराने, आणि ते चटकन दिसतही नाही.

आता अपवादांकडे येऊ. जवळपास प्रत्येक करारात चार गोष्टी गोपनीयतेतून वगळलेल्या असतात: जी आधीच जगजाहीर आहे, जी समोरच्याला आधीपासून ठाऊक होती, जी त्याला तिसऱ्याकडून रीतसर मिळाली, आणि जी त्याने आपल्या माहितीला हात न लावता स्वतः शोधून काढली. हे अपवाद रास्तच आहेत. फक्त ‘आम्हाला आधीच ठाऊक होतं’ असं म्हणणाऱ्याने तारीख असलेल्या कागदानिशी ते दाखवावं, अशी अट सोबत हवी. नाहीतर भांडणाच्या दिवशी सगळ्यांनाच सगळं आधीपासून ठाऊक असतं.

पाचवी सवलत असते कायद्याने उघड कराव्या लागणाऱ्या माहितीची. मार्टिन मॅरिएटाने तिचाच आधार घेतला. भागधारकांपुढे प्रस्ताव ठेवायचा तर शेअर बाजाराच्या नियामकाकडे तपशील जाहीर करावेच लागतात, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. सवलत आहे ती बाहेरून, म्हणजे न्यायालयाकडून किंवा सरकारी यंत्रणेकडून मागणी आली तर. तीसुद्धा समोरच्याला आधी कळवून. आपणच पाऊल उचलायचं आणि मग कायद्याकडे बोट दाखवायचं, हे चालणार नाही. हा निकाल ४ मे २०१२ रोजी लागला. त्याच्या आदल्याच दिवशी कराराची दोन वर्षं संपली होती. तरीही न्यायालयाने मार्टिन मॅरिएटाला चार महिने रोखलं, कारण उल्लंघन मुदत चालू असताना झालं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ही बंदी कायम ठेवली आणि कंपनीने प्रस्ताव मागे घेतला.

मुदतीचं कलम वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोलणी किती काळ चालतील ही एक मुदत, आणि ऐकलेलं किती काळ पोटात ठेवायचं ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात. भाव आणि ग्राहकांच्या याद्या दोन-तीन वर्षांत शिळ्या होतात, त्यांना तेवढी मुदत पुरते. उत्पादनाची कृती मात्र शिळी होत नाही. तिच्यासाठी ‘ती गुपित राहील तोवर’ असंच लिहावं.

व्याख्येबद्दल एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरची एक फाउंड्री आणि चाकणची सुटे भाग बनवणारी कंपनी एकत्र काम करायचं म्हणतात. ‘गोपनीय असा शिक्का असलेली कागदपत्रं, आणि तोंडी सांगितलेली पण ३० दिवसांत लेखी कळवलेली माहिती’ अशी व्याख्या ठरते. महिन्याभराने फाउंड्रीचे मालक पाहुण्यांना शॉपफ्लोअरवर नेतात आणि भट्टीशेजारी उभं राहून रस ओतण्याचं तापमान, मिश्रणाचं प्रमाण सगळं भरभरून सांगतात. चहा होतो, गाडी निघून जाते आणि लेखी कळवायचं राहून जातं. एकतिसाव्या दिवशी ती माहिती कराराच्या बाहेर पडलेली असते.

हे कल्पनेतलं भय नाही. कॉन्व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीने हार्ड डिस्कबद्दलचं आपलं तंत्र कॉम्पॅक आणि सीगेट यांना बैठकांत दाखवलं होतं. तोंडी सांगितलेली माहिती गोपनीय आहे, हे २० दिवसांत लेखी कळवायचं, अशी अट करारात होती. ती पाळली गेली नाही. पुढे दावा झाला, वर्षानुवर्षं चालला, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ज्या माहितीबद्दल असं पत्र गेलं नाही तिला कराराचं संरक्षण नाही. सगळ्यांना मनातून ते गुपितच वाटत होतं, हा युक्तिवाद उपयोगी पडला नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. बैठक संपली की त्याच संध्याकाळी ईमेल करावी: ‘आज दुपारी आपण कारखान्यात ओतकामाचं तापमान आणि मिश्रण यांबद्दल बोललो. ही माहिती आपल्या करारानुसार गोपनीय आहे.’ आकडे पुन्हा लिहायची गरज नाही, विषय लिहिला की पुरे. लहान कंपनीने तर शिक्क्याची अट मान्यच करू नये. ‘स्वरूपावरून गोपनीय असल्याचं सहज कळेल अशी माहिती’ हे शब्द व्याख्येत घालून घ्यावेत.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. दावा मुख्यतः १८७२च्या करार कायद्यावर उभा राहतो. करारात ‘भंग केल्यास एक कोटी’ असं लिहिलं तरी कलम ७४ प्रमाणे तो आकडा म्हणजे फक्त कमाल मर्यादा. न्यायालय त्याच्या आत, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. म्हणून दंडाचा आकडा वाढवण्यात वेळ घालवू नका. सहीपूर्वी वापराचं वाक्य दोनदा वाचा, आणि ज्या कृतीवर तुमचा धंदा उभा आहे ती पहिल्या बैठकीत कुणालाही सांगू नका, करार कितीही चांगला असला तरी.