भाचा आधी गेला, तर फ्लॅट कुणाचा?

उदाहरण म्हणून एक निवृत्त शिक्षिका घेऊ. विधवा, मूलबाळ नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट त्यांनी मृत्युपत्राने भाच्याच्या नावे ठेवला. पुढे भाचा वारला. बाईंनी मृत्युपत्राला हात लावला नाही आणि दोन वर्षांनी त्याही गेल्या. भाच्याची बायको आणि मुलं म्हणतात, ‘आता फ्लॅट आमचा.’

तसं होत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ चं कलम १०५ सांगतं, की जिला काही दिलं ती व्यक्ती मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी वारली तर ते देणं निष्फळ ठरतं. ती मिळकत मृत्युपत्रातल्या ‘उर्वरित मालमत्ते’त जाते. बाईंनी उर्वरित मालमत्तेबद्दल काही लिहिलंच नव्हतं, त्यामुळे फ्लॅटपुरतं जणू मृत्युपत्रच नाही. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ लागतं. मूल आणि नवरा नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा क्रम त्यानंतर. म्हणजे ज्या दिरांशी बाईंचा वर्षानुवर्षं संबंध नव्हता, फ्लॅट त्यांचा. मला हे फार अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे.

‘भाचा व त्याची मुले यांना’ असं लिहिलं असतं तर? पुष्कळांना ते पुरेसं वाटतं. पण कलम १०५ खालच्या उदाहरणातच असं देणं निष्फळ ठरतं असं म्हटलं आहे. ‘तो आधी वारल्यास अमुक व्यक्तीस’ असं लिहिलं तर मात्र ती मिळकत त्या व्यक्तीला मिळते.

स्वतःच्या मुलांना आणि नातवंडांना कलम १०९ ची सवलत आहे. मुलगा आधी गेला, पण त्याची मुलं आईवडिलांच्या मृत्यूच्या वेळी हयात असली, तर देणं टिकतं. मात्र मुलगा आईवडिलांनंतर लगेच वारला असं धरलं जातं, म्हणून मिळकत त्याच्या इस्टेटीत जाते. त्याने आपलं सगळं बायकोला लिहून दिलं असेल तर नातवंडांना नाही, सुनेला मिळते. भाचा, पुतण्या, बहीण यांना ही सवलतही नाही.

म्हणून मृत्युपत्रात पर्यायी वारस नेमावा. मजकूर असा असू शकतो: ‘सदर सदनिका मी माझा भाचा (पूर्ण नाव) यास देत आहे. तो माझ्या आधी अगर माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत मयत झाल्यास, सदर सदनिका त्याच्या त्या वेळी हयात असलेल्या मुलांस समान हिश्श्याने मिळेल. तीही हयात नसल्यास माझी बहीण (पूर्ण नाव) हिला मिळेल. या मृत्युपत्रात उल्लेख नसलेली अगर कोणतेही देणे निष्फळ ठरल्याने उरलेली माझी सर्व मालमत्ता तिलाच मिळेल.’

तीस दिवसांची अट दोघांना एकाच अपघातात मृत्यू आला तर उपयोगी पडते. एरवी भाच्याच्या वारसांना तो मावशीनंतर हयात होता हे सिद्ध करावं लागतं. जुन्या मृत्युपत्रात हे नसेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं. त्यावरही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच.